मदत हवी आहे: डेस्मोसोम सुटल्यावर टाइट जंक्शन पेशींना धरून का ठेवत नाही?

अभिस्तर ऊतीत टाइट जंक्शन पेशींमधल्या फटीतून होणारी गळती रोखते, गॅप जंक्शनमधून आयन व लहान रेणू शेजारच्या पेशीत जातात आणि डेस्मोसोम केराटिन तंतूंना बांधून ताण पेलतो, इथवर मला समजले आहे. पेम्फिगस व्हल्गारिस या आजारात प्रतिपिंडे डेस्मोसोममधल्या डेस्मोग्लीन ३ या प्रथिनाला चिकटतात, पेशी एकमेकींपासून सुटून गोलसर होतात आणि फोड येतो. मात्र सर्वांत खालची रांग हेमिडेस्मोसोममुळे तळपटलाला चिकटूनच राहते. माझी अडचण अशी, की टाइट जंक्शनही पेशींना जोडते, तर मग ते हा फोड का थांबवत नाही? त्वचेत ते मुख्यतः वरच्या कणीय थरात असते म्हणून, की एवढा ताण पेलण्याची त्याची क्षमताच नसते? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.