पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन : सात मिनिटांच्या मनोगतात आभार किती आणि आशय किती?

धागाकर्ती: उरणच्या मिठागरांवरील माझी पहिली कादंबरी येत्या रविवारी प्रकाशित होत आहे. मनोगतासाठी सात मिनिटे मिळाली आहेत; मी लिहिलेले मनोगत मात्र १,३५० शब्दांचे असून घड्याळ लावून मोठ्याने वाचले तेव्हा साडेबारा मिनिटे लागली. त्यात बावीस जणांचे आभार आहेत आणि उरलेल्या भागात जवळजवळ सारे कथानक येऊन गेले आहे. काय गाळावे, हे कृपया सुचवावे.

मुद्रितशोधक: तुमच्या गतीने सात मिनिटांत साडेसातशे शब्द बसतात, परंतु टाळ्या आणि थांबे धरून साडेसहाशेच लिहावेत. पाहुणे, सभागृह आणि ध्वनिव्यवस्था यांचे आभार शेवटी आभारप्रदर्शन करणारी व्यक्ती मानणार आहे का, हे प्रकाशकांना आजच विचारा, म्हणजे ती नावे तुमच्याकडून कमी होतील. पुस्तकातील ऋणनिर्देशात छापलेली यादीही पुन्हा वाचू नये. ज्यांच्याविषयी एखादी नेमकी गोष्ट सांगता येईल, अशी तीन-चार नावेच ठेवावीत. ‘मोलाचे सहकार्य लाभले’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

वाचक: माझ्या मते कथानकाविषयी अवाक्षरही काढू नये, केवळ एक उतारा वाचावा.

मुद्रितशोधक: उताऱ्याची सूचना योग्य आहे, पण स्थळ, काळ आणि मुख्य व्यक्ती कळल्याशिवाय श्रोत्यांना तो उतारा परका वाटतो. एवढे दोन वाक्यांत सांगून दीडशे शब्दांचा, पहिल्या प्रकरणातलाच उतारा घ्यावा. पुस्तकावर बोलणाऱ्या वक्त्यांनाही शेवट न सांगण्याची विनंती आधीच करावी.

कवयित्री: माझ्या संग्रहाच्या वेळी मी ऐनवेळी कागद बाजूला ठेवून बोलले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मुखपृष्ठकाराचेच नाव राहून गेले. त्याची बोचणी अजून आहे. नावे वेगळ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावीत.

धागाकर्ती: सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आता चारच नावे ठेवली आहेत. त्यांपैकी एका मिठागर कामगार काकांविषयी असे लिहिले आहे : ‘काकांनी माझ्या तळहातावर मिठाचे दोन खडे ठेवले आणि कोणता घाईने काढलेला आहे ते ओळखायला सांगितले. मला ओळखता आले नाही, म्हणून तिसरे प्रकरण मी पुन्हा लिहिले.’ कथेविषयी फक्त एवढेच : ‘वैशाखातल्या एका रात्री अवकाळी पाऊस येतो. सारा गाव मिठाच्या राशी झाकायला धावतो आणि आजी मात्र दाराला आतून कडी लावते.’ यापुढे थांबून उतारा वाचेन. सगळे मिळून ६४० शब्द झाले.

एक प्रश्न उरला आहे. ही कादंबरी वडिलांच्या हिशेबाच्या वहीवरून सुचली आणि ते आज हयात नाहीत. त्यांचा उल्लेख सरावातही करताना कंठ दाटून येतो. तो आरंभी करावा की अखेरीस?

कवयित्री: आरंभी करावा, पुढे मन मोकळे होते.

मुद्रितशोधक: मी अखेरीस म्हणेन. आरंभीच आवाज गेला, तर उतारा वाचणे कठीण होईल.