बाहेरच्यांना जाणारा ऑटो-रिप्लाय: सहकाऱ्याचं नाव द्यावं की नको?

मृण्मयी: सोमवार १२ ते शुक्रवार १६ सुट्टीवर आहे, १९ ला रुजू. ग्राहक आणि पुरवठादारांना जाणाऱ्या ऑटो-रिप्लायमध्ये सहकाऱ्याचं नाव, मोबाइल द्यावा का? उत्तराची तारीख १९ टाकू?

जुना_खर्डेघाशा: १९ टाकू नका, ती तुमच्या रुजू होण्याची तारीख. आठवड्याची मेल साचलेली असणार, आणि पहिला दिवस मीटिंगांत जातो. १९ वाचलेला माणूस त्याच दुपारी 'काय झालं?' म्हणून दुसरी मेल टाकतो, म्हणजे ढीग आणखी वाढला. २१ लिहा, जमलं तर आधी द्या.

मोबाइल तर नकोच, नावही नको. हा रिप्लाय अनोळखी माणसालाही जातो. 'अमुक रजेवर, बिलं तमुक बघतोय' एवढं कळलं की खोटं बिल पाठवणाऱ्याचं काम सोपं. मी असं लिहीन:

'मी १६ तारखेपर्यंत रजेवर आहे. आपल्या मेलला २१ पर्यंत उत्तर देईन. ऑर्डर किंवा बिलाचं काम त्याआधी हवं असेल तर टीमच्या पत्त्यावर ऑर्डर क्रमांकासह लिहा.'

खाली टीमचा पत्ता. बास.

सुहास: पुरवठादाराच्या बाजूने सांगतो. सामायिक पत्ता म्हणजे कुणाचाच नाही. आमचं बिल असंच एका टीमच्या पत्त्यावर पडून राहिलं, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. नाव असलं की निदान विचारायला माणूस असतो.

प्राची: एवढं कशाला? कॅलेंडरवर रजा टाकली की सगळ्यांना दिसते.

सुहास: ऑफिसातल्यांना दिसते हो. मला कुठून दिसणार?

नितीन_एन: आउटलुकमध्ये बाहेरच्यांसाठी 'फक्त माझे कॉन्टॅक्ट' असा पर्याय आहे. तो निवडा आणि बिनधास्त नाव द्या. तारीख चुकली तर मध्येच बदला, सगळ्यांना नवी जाईल.

जुना_खर्डेघाशा: पर्याय आहे, पण वर्षानुवर्षं मेल करणारा ग्राहकसुद्धा तुम्ही कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेला नसतो. त्याला काहीच जाणार नाही, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तारखेचं म्हणाल तर आउटलुक एका पत्त्याला एकदाच रिप्लाय पाठवतं. ज्याला जुनी तारीख गेली तो तीच धरून बसतो. रिप्लाय बंद करून पुन्हा चालू केला तर नव्याने जातो, पण तोही त्याने परत मेल केली तरच. म्हणून पहिल्यांदाच सैल तारीख द्या.

मृण्मयी: २१ पटलं. सहकारी नाव द्यायला तयार आहे, पण १५ ला तोही नाही.

सुहास: मग १५ ला कोण, ते आधी ठरवा. टीमच्या पत्त्यावर टाका, पण रोज सकाळी तो उघडणार कोण?

जुना_खर्डेघाशा: इथे सुहासचं खरं आहे. ते नाव ऑफिसात पक्कं करा. बाहेर द्यायला माझा अजून विरोधच.

सुहास: आणि माझा आग्रह.