कन्सोलचे डाउनलोड रात्रीपुरते कसे ठेवावे? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे ५० एमबीपीएसची जोडणी असून परवा दुपारी मुलाने कन्सोलवर ९० जीबीचा गेम उतरवायला घेतला, तेव्हा बायकोच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटू लागला आणि एरवी २० मिलिसेकंद असणारा पिंग ३०० च्या पुढे गेला.

हिशेबाने पूर्ण वेगात हा गेम चार तासांत उतरतो. ३० एमबीपीएसची मर्यादा घातली तरी पावणेसात तास, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सहा पुरेसे आहेत. संगणकावरील स्टीममध्ये वेळ आणि वेग दोन्ही ठरवता येतात. आमच्या कन्सोलच्या सेटिंगमध्ये मात्र रेस्ट मोडमध्ये डाउनलोड चालू ठेवण्यापलीकडे काही सापडले नाही.

म्हणून राउटरवर कन्सोलचा मॅक पत्ता नोंदवून १५ एमबीपीएसची मर्यादा घातली, पण वेग तसाच राहिला. नंतर लक्षात आले की नोंदवलेला पत्ता वायफायचा होता आणि चिरंजीवांनी केबल जोडली होती. तिचा पत्ता वेगळा असतो!

आता दोन्ही पत्ते नोंदवले आहेत, परंतु मर्यादा रात्रीही लागू राहते. ती फक्त सकाळी नऊ ते रात्री अकरा लागू व्हावी, यासाठी राउटरमध्ये काय पाहावे? की वेळापत्रकाऐवजी एसक्यूएम असलेला राउटर घेणे योग्य ठरेल?