मिशन स्टेटमेंट साधं केलं तर संस्था लहान दिसते का?

धागाकर्ती: आमची बीड जिल्ह्यात छोटी संस्था आहे. वेबसाइटवर लिहिलंय, "समग्र, शाश्वत आणि नाविन्यपूर्ण उपक्रमांद्वारे वंचित घटकांचे सक्षमीकरण." आई-वडील ऊसतोडीला गेले की मुलं आजी-आजोबांकडे गावात राहतात, त्यांना आम्ही दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळी शिकवणी देतो. वाक्य बदलावं म्हटलं तर कमिटी म्हणते मोठं वाटायला हवं. तुमचं मत?

जुना_ट्रस्टी: बदलू नका. सीएसआरवाले शब्द बघतात, आणि उद्या महिलांसाठी काम सुरू केलंत तर "ऊसतोडीची मुलं" एवढंच लिहून अडकाल. आमच्या डीडमध्येही उद्देश मुद्दाम ढोबळ ठेवलेत.

प्रपोजलवाली: दादा, डीडचं बरोबर बोललात, तिथले उद्देश ढोबळच हवेत कारण ते बदलायला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. पण वेबसाइटवरचं वाक्य म्हणजे डीड नाही, ते कमिटी ठराव करून कधीही बदलू शकते. सीएसआरसाठी कंपनी कायद्याच्या शेड्यूल ७ मधलं शीर्षक लागतं, ते प्रपोजलमध्ये टाका की.

ताई, एकेक शब्द घ्या आणि रोज सेंटरवर असणाऱ्या कार्यकर्तीला विचारा की हे आपण नक्की कधी करतो. "समग्र"चं उत्तर येईल जेवण आणि शिकवणी दोन्ही. "शाश्वत"चं येईल दिवाळीनंतर टोळ्या गेल्यापासून त्या परत येईपर्यंत, मधे बंद नाही. "सक्षमीकरण" म्हणजे पोरगं कोयत्यावर जात नाही, शाळेत हजेरी लागते. "नाविन्यपूर्ण"ला उत्तर आलंच नाही तर तो शब्द काढा. मग असं काहीतरी होतं:

"आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून आम्ही हंगामभर त्यांना दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळची शिकवणी देतो."

आता दुसऱ्या संस्थेचं नाव लावून वाचा. जुनं वाक्य वृद्धाश्रमालाही चालतं, हे चालत नाही. मुलांचा आकडा मात्र यात घालू नका, तो दरवर्षी बदलतो.

बचतगट_सखी: आमच्या बचत गटालाही असं वाक्य हवंय, इंग्रजीत कोणी करून देईल का?

प्रपोजलवाली: आधी मराठीत गट काय करतो ते लिहा, कर्ज देता की पापड विकता? त्याशिवाय इंग्रजीत काय नेणार.

जुना_ट्रस्टी: ठरावाचं पटलं. पण "शाळा सुटू नये" हे वचन झालं ना, मोठ्या मुलींना लहान भावंडं सांभाळायला आई-बाप घेऊनच जातात, त्यांचं काय? वाक्यात त्या दिसतच नाहीत.

धागाकर्ती: हे खरंय हो. बारा-तेराच्या मुली आमच्याकडे कमीच राहतात आणि "वंचित घटक" लिहिलं होतं तेव्हा हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. कमिटीत अर्धे म्हणतायत "मुलामुलींची" असं लिहा, मला वाटतं आधी त्यांना थांबवायची सोय करू मगच लिहू. रविवारी मीटिंग आहे.