मदत हवी आहे: प्रबंधातल्या एका वाक्यावर गाईड अडून बसले

पऱ्हाटीवाला: एम.एस्सी. अॅग्रीचं शेवटचं वर्ष, प्रबंध इंग्रजीत. गाईडनं एका वाक्याभोवती लाल गोल करून बाजूला ‘कोण? कधी?’ एवढंच लिहून दिलं. व्याकरण बरोबर हाय. सोमवारी द्याचं हाय, काय बदलू ते पटकन सांगा.

बोरीचे मास्तर: अरे, वाक्य तर टाक!

पऱ्हाटीवाला: घ्या. ‘अॅप्लिकेशन ऑफ नीम सीड एक्स्ट्रॅक्ट रिझल्टेड इन अ रिडक्शन इन पिंक बोलवर्म इन्फेस्टेशन.’ म्हंजे निंबोळी अर्कानं पऱ्हाटीवरली गुलाबी बोंडअळी कमी झाली. सगळ्या पेपरांत असंच असते.

ढगाळ: पॅसिव्ह झालंय. पॅसिव्ह काढ, काम फत्ते.

शब्दखोर: यात पॅसिव्ह नाहीच, ‘रिझल्टेड’ कर्तरी आहे. ‘अप्लाय’ आणि ‘रिड्यूस’ या दोन क्रियापदांची नामं करून टाकली, म्हणून वाक्य उभं राहायला ‘रिझल्टेड इन’ आणावं लागलं. नाम केलं की कर्ता आणि काळ न सांगताही वाक्य पुरं वाटतं. अर्क फवारला कोणी?

पऱ्हाटीवाला: शेतकऱ्यांनीच ना, अजून कोण? १० जणांची वावरं. मी फक्त बोंडं फोडून अळ्या मोजल्या.

शब्दखोर: सगळ्यांनी एकाच दिवशी फवारलं?

पऱ्हाटीवाला: कसं जमन? ज्याले जवा मजूर भेटला तवा. कोणी फुलोऱ्यात, कोणी बोंडं लागल्यावर.

वर्धेकडची: निंबोळी अर्क बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोचतच नाही. आमच्याकडे कामगंध सापळे लावले होते, तेच कर.

पऱ्हाटीवाला: ताई, प्रयोग होऊन गेला, आता लिहिणं चालू हाय.

शब्दखोर: तुझ्या वाक्यावरून वाटतं की तूच एका ठरल्या दिवशी फवारलंस. शिवाय ‘इन्फेस्टेशन’ म्हणजे किडकी बोंडं की अळ्या, तेही कळत नाही. असं लिही: ‘फार्मर्स स्प्रेड द एक्स्ट्रॅक्ट बिटवीन फ्लॉवरिंग अँड बोल फॉर्मेशन. इन दीज फील्ड्स वी काउंटेड फ्युअर लार्व्ही पर बोल दॅन इन अनस्प्रेड फील्ड्स.’ न फवारलेली वावरं होती ना? आणि तारखा इतक्या पुढेमागे असताना अर्कामुळेच अळ्या घटल्या हा दावा टिकतो का, ते बघ.

बोरीचे मास्तर: हे फार साधं झालं. परीक्षकाला भारदस्त इंग्रजी लागतं, बाबा.

शब्दखोर: नामं सगळी काढा असं म्हणत नाही, मास्तर. ‘सम फार्मर्स स्प्रेड लेट’ असं एकदा सांगितलं की पुढच्या वाक्याची सुरुवात ‘दिस डिले’ने खुशाल करावी. कोणाचा उशीर ते तोवर कळलेलं असतं.

बोरीचे मास्तर: आमच्या वेळी असं लिहिलं असतं तर परत आलं असतं.

पऱ्हाटीवाला: न फवारलेली दोन वावरं होती. पण फवारलेल्यांपैकी दोघांच्या तारखाच वहीत नाहीत. त्यांचं काय लिहू?

ढगाळ: म्हणून तर पॅसिव्ह वापरतात, राजा.

शब्दखोर: आधी दोघांना फोन लाव. त्यांनाही आठवत नसेल तर ‘टू फार्मर्स डिड नॉट रेकॉर्ड द डेट’ असं सरळ लिही.

पऱ्हाटीवाला: नोंद ठेवाचं काम त्यायचं नव्हतं, माहंच होतं.

शब्दखोर: मग तिथे कर्ता ‘वी’ येईल.