मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये पिछाडीवर असताना बदली खेळाडू कधी उतरवावा?

नमस्कार मंडळी,

संशोधक ब्रेट मायर्स यांचा बदली खेळाडूंबाबतचा 2012 चा नियम तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. संघ मागे असेल तर पहिला बदल 58व्या, दुसरा 73व्या आणि तिसरा 79व्या मिनिटाच्या आत करावा. 2022 च्या विश्वचषकात जपान जर्मनीविरुद्ध 0-1 मागे होता. त्यांनी मध्यंतरालाच एक बदल केला, 57व्या मिनिटाला आसानो आणि मितोमा उतरले, 71व्याला दोआन. दोआनने 75व्या मिनिटाला बरोबरी साधली, आसानोने 83व्याला विजयी गोल केला. नियम अगदी चपखल बसतो.

पण माझी अडचण इथेच आहे. समजा एखाद्या संघाने 55व्या मिनिटाला पहिला बदल केला आणि 65व्याला बरोबरी साधली. आता तो मागे नाही, म्हणजे पुढचे दोन बदल उशिरा केले तरी त्याने नियम पाळला असंच धरलं जातं. जो मागेच राहिला, त्याला मात्र तिन्ही वेळा पाळाव्या लागतात. म्हणजे यशस्वी संघ आपोआप ‘नियम पाळणारे’ ठरतात! सिल्वा आणि स्वार्ट्झ या संशोधकांनी 2016 मध्ये मायर्स यांचा हाच नियम पुन्हा तपासला, तेव्हा बदलाचा फायदा दिसेल असं ठरावीक मिनिट त्यांना सापडलं नाही.

मी स्वतः सामन्यांच्या नोंदी घेऊन हे तपासतोय. 60व्या मिनिटाला एका गोलने मागे असलेले संघ घ्यायचे आणि त्याआधी बदल केलेले व न केलेले यांची तुलना करायची, हे बरोबर आहे का? संघांच्या ताकदीतला फरक कसा धरू? सामन्याआधीचे सट्टाबाजारातले भाव पुरतील का? आणि दुखापतीमुळे झालेले बदल वेगळे कसे काढता तुम्ही?