मदत हवी आहे: पिच डेकमधली आर्थिक अंदाजाची स्लाइड कशी मांडू? धंदा अमृत कोकमचा

रातांबा_22
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या मेमध्ये आईच्या पद्धतीने अमृत कोकमच्या अर्ध्या लिटरच्या 640 बाटल्या केल्या. नऊ दुकानं आणि दोन होमस्टे यांच्याकडून त्या संपल्या. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरसमोर सादरीकरण आहे.

डेक 14 स्लाइडचा झालाय. आर्थिक अंदाजाच्या स्लाइडवर देशातल्या शीतपेयांच्या बाजाराचा अगदी छोटा टक्का धरून पहिल्या वर्षी 18 लाखांची विक्री आणि पाचव्या वर्षी 4 कोटी दाखवलेत. गुंतवणुकीची मागणी 25 लाख. सरावाच्या वेळी एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "18 लाख म्हणजे बाटल्या किती?" मी लॅपटॉपवर शीट उघडून शोधत बसलो. शीटमध्ये बाटल्या कुठेच नव्हत्या. आता ही स्लाइड नव्याने कशी करू?

उकडा_तांदूळ
14 फार होतात. गाय कावासाकीचा 10-20-30 नियम पाळ: 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फाँट. आणि पाच वर्षांचा आलेख हवाच, त्याशिवाय कोणी पैसे देत नाही. शिवाय छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई या सरकारी योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख सबसिडी आहे, ती पहिल्या वर्षाच्या उत्पन्नात धर. आकडा लगेच चांगला दिसेल.

सडेकर
उकडा, 10 स्लाइडचं मान्य. सबसिडीचं मात्र नाही. ती बँकेच्या कर्जाला जोडलेली असते, विक्री नव्हे. उत्पन्नात धरली की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

रातांबा, मी बारा वर्षं अन्नप्रक्रियेच्या छोट्या धंद्यांचे हिशेब बघतोय. तुझा अंदाज वरून खाली आलाय, तो खालून वर ने. उद्या किती दुकानं तुझा माल ठेवतील आणि एक दुकान महिन्याला किती बाटल्या विकेल, ते सांग. आणि एका बाटलीमागे तुझ्या हातात काय येतं? छापील किंमत नको, दुकानदाराचं कमिशन आणि जीएसटी वजा करून सांग.

रातांबा_22
40 दुकानं गाठता येतील. सरासरी 30 बाटल्या. हातात 110 रुपये येतात. एका बाटलीला रातांबे 22, साखर 20, बाटली-बूच-लेबल 16, मजुरी आणि गॅस 12, वाहतूक 10. म्हणजे 80. दरमहा भाडं, एक कामगार आणि किरकोळ मिळून 25 हजार.

गजालीकार
बाबा, पावसात सरबत कोण पितलो? चतुर्थीक चाकरमानी येतले तेवढोच काय तो खप. मालवणात माझा होमस्टे आहे, जून ते सप्टेंबर फडताळातल्या बाटल्यांवर धूळ बसते. आणि परतीचा माल धर. माझ्याकडे एकाने ठेवलेल्या 60 बाटल्यांतल्या 11 फसफसल्या, बुचाखालून लाल फेस वाहून खालचं लाकूड चिकट झालं. साखर कमी घातली होती त्याने. सगळ्या परत दिल्या, पैसे एका बाटलीचेही दिले नाहीत.

सडेकर
गजालीकारांनी अर्धं काम केलं. पावसाळ्याचे चार महिने 300 बाटल्या, बाकी आठ महिने 1200 धरू. वर्षाच्या 10,800. गुणिले 110, म्हणजे 11 लाख 88 हजार. तुझ्या 18 लाखांपेक्षा कमी, पण हा आकडा तुला तोंडपाठ सांगता येईल.

बाटलीमागे 30 रुपये सुटतात, वर्षाचे 3 लाख 24 हजार. स्थिर खर्च 3 लाख. शिल्लक 24 हजार, तीही तू स्वतः पगार घेतला नाहीस तर. आता 5 टक्के बाटल्या परत आल्या, तर 540 बाटल्यांचे 59 हजार बुडतात आणि तू तोट्यात. म्हणजे सगळी स्लाइड खरं तर परतीच्या आकड्यावर उभी आहे.

पण मोठी गोष्ट वेगळीच. रातांबे एप्रिल-मेमध्येच मिळतात, पाऊस लागला की फळ झाडाखाली कुजतं. वर्षभराचे रातांबे आणि साखर तुला मेमध्येच घ्यावी लागेल. बाटलीमागे 42 रुपये, म्हणजे साडेचार लाख एकदम. विक्री सुरू होते जूनमध्ये, तेही मंदीत. दुकानदार पैसे किती दिवसांनी देतात?

रातांबा_22
म्हणतात महिन्याने. होतात दोन महिने.

सडेकर
मग मी शून्यापासून महिनावार मांडून बघितलं. मेअखेर खातं उणे 4 लाख 79 हजार. जून-जुलैत पैसे येत नाहीत, 25 हजार आणि बाटल्या-मजुरी जात राहतात. ऑक्टोबरमध्ये खप चौपट होतो, पण पैसे दोन महिन्यांनी येणार, म्हणून खड्डा अजून खोल होतो. नोव्हेंबरअखेर उणे 6 लाख 33 हजार. तिथून वर यायला लागतं, डिसेंबरला 61 हजार परत येतात.

हा नोव्हेंबरचा आकडा म्हणजे तुझी गरज. त्यावर थोडं वाढवून 8 लाख माग. 25 कुठून आले हे तुला सांगता आलं नसतं, 8 कुठून आले ते एका तक्त्यात दिसेल. विक्री वाढली की खड्डा लहान होईल असं वाटतं, पण उधारी असताना तो आधी मोठा होतो.

उकडा_तांदूळ
पण 12 लाखांच्या धंद्यात कोण गुंतवेल? पाच वर्षांचं स्वप्न दाखवायलाच हवं.

सडेकर
महिनावार एक वर्ष आणि वार्षिक तीन वर्षं पुरे. पुढच्या वर्षांत दुकानं किती वाढतील ते लिही, टक्क्यांनी फुगवू नको. बाहेरच्या गुंतवणूकदाराने यात पडावं का, याबद्दल मी तुझ्या बाजूने आहे का, नाही माहीत. माझ्या मते हे बँकेच्या खेळत्या भांडवलाचं काम आहे, भागभांडवलाचं नव्हे. पण समोर इन्क्युबेशन सेंटर आहे, तिथे तुला बाटलीचा हिशेब येतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

डेकचा क्रम असा ठेव: पहिल्या स्लाइडवर माल, दुसऱ्यावर त्या 640 बाटल्या कुठे आणि किती दिवसांत गेल्या. ती तुझी सगळ्यात भारी स्लाइड आहे आणि तू ती अकराव्या नंबरवर ठेवली असशील. मग ग्राहक, स्पर्धा, वितरण, एका बाटलीचा हिशेब, त्याला लागूनच अंदाज, टीम, मागणी. अंदाजाच्या स्लाइडवर तीनच ओळी: बाटल्या, हातात येणारी रक्कम, महिनाअखेरचं खातं. खाली बारीक अक्षरात गृहीतकं. बाकी शीट जोडपत्रात, विचारलं तर उघड.

कातळावरची_वाट
माझ्या भावाला काजूगराचं सादरीकरण करायचंय, कोणाकडे तयार टेम्पलेट आहे का? रंगसंगती चांगली हवी.

रातांबा_22
640 बाटल्यांची स्लाइड खरंच अकरावी होती. परतीचा आकडा शोधायला काल नऊही दुकानांत फिरलो. तीन परत आल्या होत्या, पण चार दुकानदारांनी हसून सांगितलं की फसफसलेल्या त्यांनी स्वतःच ओतून टाकल्या, मला वाईट वाटेल म्हणून. किती, ते कोणालाच आठवत नाही. मग 5 टक्के धरू की 10?

गजालीकार
10 धर. आणि साखर तोलून घाल.

सडेकर
दोन्ही चालवून बघ. 10 ला बाटलीमागचे 30 रुपये 19 होतात, म्हणजे 40 दुकानांत स्थिर खर्चही भागत नाही. वाहतुकीतून काही वाचतंय का बघ, एका वाटेवरची दुकानं एकाच फेरीत घेतोयस का?

रातांबा_22
नाही, वेगवेगळ्या दिवशी, मोटरसायकलवर.